एका मेलला एकच काम

पुण्यातलं एक छोटं घरगुती दुकान डोळ्यांसमोर आणा. गच्चीवरच्या बागेसाठी बियाणं, कुंड्या आणि खत विकणारं. दुकानाच्या संकेतस्थळावर एक चौकट आहे: आपला ईमेल पत्ता द्या आणि ‘कोणत्या महिन्यात कोणती भाजी लावायची’ याचा तक्ता फुकट मिळवा. रात्री साडेदहाला, जेवणं आटोपल्यावर, कुणीतरी तिथं पत्ता टाकतं. त्या माणसाला त्या क्षणी फक्त तक्ता हवा असतो. पुढच्या दोन आठवड्यांत त्याला काय काय मिळतं, ते बघू. हे दुकान मी तीन-चार ठिकाणी पाहिलेल्या मेलमालिकांवरून बेतलं आहे, पण त्यातली एकही चूक कल्पनेतली नाही.

पहिला मेल लगेच येतो. त्यात स्वागत आहे, मालकीणबाईंनी नोकरी सोडून बाग कशी सुरू केली त्याची हकिकत आहे, दहा टक्के सवलतीचा कोड आहे, इन्स्टाग्रामचा आणि व्हॉट्सअॅप गटाचा दुवा आहे आणि सगळ्यात खाली, फोनवर चार वेळा अंगठा सरकवल्यावर, तक्ता आहे. दुसऱ्या दिवशी दुकानाचा प्रवास, वर्तमानपत्रातल्या कात्रणांसह. तिसऱ्या दिवशी सगळ्या मालाची यादी, चौदा दुव्यांची. पाचव्या दिवशी माती कशी तयार करायची यावर एकोणीसशे शब्दांचा लेख, शेवटी शनिवार-रविवारच्या शिबिराची जाहिरात. सहाव्या दिवशी त्याच शिबिराचा स्वतंत्र मेल. आठव्या दिवशी ‘सवलत आज संपते’ आणि त्याच मेलमध्ये ‘तुमची गच्ची केवढी आहे, ऊन किती येतं, ते कळवा’. दहाव्या दिवशी जुन्या लेखांचे दुवे आणि ‘आमचा पत्ता संपर्कयादीत जोडून घ्या’ अशी विनंती. तेराव्या दिवशी शिबिराची शेवटची आठवण. एकूण आठ मेल.

यातला एकही मेल वाईट हेतूनं लिहिलेला नाही. अशी मालिका एका बैठकीत लिहिली जातच नाही. आधी दोन मेल असतात. मग शिबिर सुरू होतं, त्याचा एक मेल वाढतो. कुणी सांगतं की ओळख हवी, म्हणून प्रवास लिहिला जातो. मेल पाठवणाऱ्या साधनात नवा मेल जोडायला मिनिटभर पुरतं आणि तो बहुतेक वेळा शेवटी जोडला जातो. त्यामुळे मालिकेचा क्रम दुकान कसं वाढलं याचा क्रम असतो. नव्या माणसाच्या मनात प्रश्न कोणत्या क्रमानं येतात, याच्याशी त्याचा संबंध नसतो.

छाटणी पडद्यावर करू नये. आठ मेल कागदावर छापून घ्यावेत, जेवणाच्या टेबलावर ओळीनं मांडावेत आणि प्रत्येकाच्या कपाळावर पेन्सिलीनं एकच वाक्य लिहावं: हे वाचून झाल्यावर वाचकानं काय करायचं? वाक्यात क्रियापद एकच हवं आणि ती क्रिया वाचकाच्या हातून घडणारी हवी. ‘तक्ता उघडायचा’ हे काम झालं. ‘मेथी पेरायची’ हेही झालं. ‘आमच्याबद्दल विश्वास वाटावा’ हे काम नव्हे, ती आपली इच्छा आहे. वाक्यात ‘आणि’ आला, तर त्या कागदावर दोन मेल एकमेकांत अडकलेले आहेत.

आपल्या दुकानाच्या पहिल्या मेलच्या कपाळावर पाच क्रियापदं येतात: वाचा, खरेदी करा, इन्स्टाग्रामवर या, गटात या, तक्ता उघडा. दुसऱ्यावर एकही येत नाही. चौथ्यावर दोन. पाचवा आणि आठवा हे एकच काम आहे. सहाव्यात दोन कामं आहेत आणि ती एकमेकांना मारक आहेत. ‘आज संपतंय, घाई करा’ असं सांगून त्याच श्वासात ‘सावकाश तुमच्या गच्चीबद्दल सांगा’ म्हणता येत नाही. घाईत असलेला माणूस उत्तर लिहीत नाही आणि उत्तर लिहायला बसलेला माणूस खरेदी विसरतो.

आता पेन्सिलीच्या वाक्यांकडेच बघून कागद उचलायचे. क्रियापद नसलेला दुसरा मेल जातो. इथं मालकीणबाई हमखास अडतात, कारण तो मेल त्यांनी सगळ्यात मनापासून लिहिलेला असतो. त्यांना मी एवढंच सांगते की हकिकत वाईट नाही, जागा चुकली आहे. ज्यानं अजून तक्ताही उघडलेला नाही, त्याला तो तक्ता बनवणाऱ्या बाईंबद्दल कुतूहल का वाटावं? ते पुढे वाटणार आहे, पहिलं रोप उगवल्यावर किंवा मेल्यावर. तेव्हा त्या हकिकतीतल्या तीन ओळी कामाला येतील. उरलेली हकिकत संकेतस्थळाच्या ‘आमच्याविषयी’ पानावर राहू द्यावी.

शिबिराचे दोन्ही मेल जातात, पण वेगळ्या कारणानं. शिबिर विशिष्ट तारखेचं असतं आणि स्वागतमालिका बाराही महिने चालू असते. नोव्हेंबरमध्ये नोंदणी केलेल्याला ऑगस्टच्या शिबिराचं आमंत्रण गेलेलं मी पाहिलं आहे. तारखेला बांधलेली कोणतीही गोष्ट नेहमीच्या साप्ताहिक मेलमध्ये जावी, मालिकेत नाही. मालाची यादीही जाते. चौदा दुवे म्हणजे दुकानाच्या दारात उभं राहून सगळी फडताळं एकदम उघडणं. जुने लेख जातात. इन्स्टाग्राम आणि गट तळाच्या बारीक ओळीत जातात, तिथं ते ज्याला हवेत त्याला सापडतात.

मातीच्या लेखाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण इथं मराठीत लिहिणाऱ्यांना एक जास्तीची अडचण आहे. जीमेल एका मेलचा सुमारे 102 किलोबाइटपर्यंतचाच मजकूर दाखवतं, त्यापुढचं कापून तिथं ‘पूर्ण संदेश पाहा’ अशा अर्थाचा दुवा ठेवतं. यात चित्रं मोजली जात नाहीत, मजकूर आणि त्यामागची मांडणीची संकेतभाषा मोजली जाते. इंग्रजी अक्षर संगणकाच्या युनिकोड साठवणीत एक बाइट घेतं, देवनागरीतलं प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक काना-मात्रा तीन-तीन. रोमन लिपीतला ‘मेथी’ पाच बाइटांत मावतो. देवनागरीत म, एक मात्रा, थ आणि दीर्घ वेलांटी मिळून बारा होतात. एकोणीसशे शब्दांचा लेख त्यामुळे तीस-पस्तीस किलोबाइटांवर जातो, आणि भारी नक्षीचा साचा, बटणं, लांबलचक दुवे यांनी उरलेली जागा केव्हाच भरलेली असते.

कापला जातो तो नेमका तळ. नोंदणी रद्द करण्याचा दुवा तळाशी असतो. मेल उघडला की नाही हे मोजणारं अदृश्य चित्रही बहुतेक वेळा तळाशीच असतं. म्हणजे मेल लांबला की ज्याला बाहेर पडायचं आहे त्याला दार दिसत नाही, आणि तो हाताशी असलेलं ‘स्पॅम’चं बटण दाबतो. जीमेल आणि याहू यांनी फेब्रुवारी 2024 पासून मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना एका टिचकीत बाहेर पडण्याची सोय सक्तीची केली आणि स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्यांच्या खाली ठेवायला सांगितलं. हजारात तीन. जीमेलच्या दृष्टीनं ‘मोठं’ म्हणजे दिवसाला पाच हजार मेल, आपलं दुकान त्यात बसत नाही. पण तक्रारींचा परिणाम लहानांवरही होतो. ज्या पत्त्यावरून येणाऱ्या मेलला लोक स्पॅम म्हणतात, त्या पत्त्याचे पुढचे मेल इतरांच्याही स्पॅममध्ये जाऊ लागतात. म्हणून लेख संकेतस्थळावर ठेवावा आणि मेलमध्ये त्यातला एकच परिच्छेद आणि दुवा द्यावा. आपल्या मेलचा आकार तपासायचा असेल तर तो स्वतःच्या जीमेलवर पाठवून तळापर्यंत सरकवत जावं. नोंदणी रद्द करण्याची ओळ दिसली पाहिजे.

कापून झालं. आता क्रम. टेबलावर तक्ता आहे, गच्चीची चौकशी आहे, मातीच्या लेखाचा तुकडा आहे, सवलत आहे. क्रम लावताना प्रत्येक कागदाला एकच प्रश्न विचारायचा: हा मेल उपयोगी पडायला आधी काय घडलेलं असावं लागतं? सवलत उपयोगी पडायला खरेदीची इच्छा हवी. इच्छेला एक लहानसं यश हवं. यशासाठी त्या माणसाच्या जागेला जमेल असं काहीतरी सुचवायला हवं. आणि ते सुचवण्यासाठी त्याच्याकडे गच्ची आहे की खिडकीतलं लोखंडी ग्रील, हे आपल्याला कळायला हवं. साखळी उलटी चालत गेलो की चौकशीचा मेल आठव्या दिवसावरून थेट दुसऱ्या क्रमांकावर येतो. आणि मधे एक भोक दिसतं. लहानशा यशाचा मेलच मालिकेत नाही! आठ मेलांच्या गर्दीत हे कधी लक्षात आलं नव्हतं.

पहिला मेल आता सहा ओळींचा होतो. विषयाची ओळ ‘तुमचा भाज्यांचा तक्ता’. फोनवर विषयाच्या ओळीतली तीस-पस्तीस अक्षरंच दिसतात, तेव्हा मागितलेल्या वस्तूचं नाव तिथं सुरुवातीलाच यावं. आत तक्त्याचं एक बटण आणि ‘उद्या याच पत्त्यावरून एक छोटा प्रश्न पाठवेन’ एवढी सूचना. सूचना हे दुसरं काम नव्हे, कारण ती वाचकाकडून काही मागत नाही. अनेक जण इथंच ‘हा मेल प्रमोशन्सच्या कप्प्यातून मुख्य कप्प्यात ओढा’ असं सांगतात. मी ते काढते. ज्याला तक्ता मिळाला आणि आवडला तो दुसरा मेल शोधतोच, आणि ज्याला आवडला नाही तो ओढणार नाही.

दुकान जर आधी ‘हा पत्ता तुमचाच ना?’ असा पडताळणीचा मेल पाठवत असेल, तर तोही या हिशेबात धरावा. तो साधन आपोआप पाठवतं म्हणून कुणी वाचत नाही, आणि पुष्कळदा त्यात इंग्रजीतला तयार मजकूर तसाच राहिलेला असतो. मराठी तक्ता मागितलेल्या माणसाला अनोळखी इंग्रजी मेल येतो, तो उघडत नाही, आणि पुढची सगळी मालिका जागच्या जागी अडून राहते. त्या मेलचं काम एकच: पडताळणीच्या बटणावर टिचकी. ती मारल्यावर थेट तक्ताच उघडेल अशी सोय बहुतेक साधनांत करता येते.

दुसरा मेल दुसऱ्या दिवशी. एकच प्रश्न: ‘रोज चार तासांहून जास्त ऊन कुठं येतं तुमच्याकडे?’ खाली तीन दुवे: गच्चीवर, बाल्कनीत, कुठंच नाही. वाचक ज्याला टिचकी मारेल त्याची खूणचिठ्ठी साधन त्याच्या नावाला लावतं. तिन्ही दुव्यांचं काम एकच, उत्तर देणं, म्हणून इथं तीन दुवे चालतात. जुन्या मालिकेतल्या मेलमध्ये गच्ची केवढी आहे हेही विचारलं होतं. त्यातला उन्हाचाच का ठेवला? कारण पुढचा मेल बदलतो तो त्या एकाच उत्तरानं. ज्या उत्तरामुळे काहीच बदलणार नाही, ते विचारू नये.

तिसरा मेल चौथ्या दिवशी, आणि हा नवा लिहायचा. मेथी पेरा. स्वयंपाकघरातल्या डब्यातली मूठभर मेथी रात्रभर भिजवा, चार-पाच इंच खोल ट्रेमध्ये पसरा, वर बोटभर माती भुरभुरवा, पाणी शिंपडा. तीन ते पाच दिवसांत कोंब दिसतात, साधारण महिनाभरात जुडी कापता येते. ज्यांनी ‘कुठंच नाही’ला टिचकी मारली त्यांना याच मेलची वेगळी आवृत्ती जाते: बोटभर उंचीची कोवळी मेथी, जी खिडकीच्या उजेडात दहा-बारा दिवसांत कापून कोशिंबिरीत घालता येते.

इथं मालकीणबाईंचा आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. ‘अहो, डब्यातली मेथी पेरा म्हणून सांगितलं तर माझं बियाणं कोण घेणार?’ त्यावर माझं म्हणणं असं की या मेलचं काम बियाणं विकणं नाही, माती हाताला लावणं आहे. घरच्या मेथीला खर्च नाही, म्हणून नकार देण्याचं कारण उरत नाही. त्याच मेलमध्ये ‘किंवा आमची मेथी मागवा’ असं जोडलं की वाचकाला निवड करावी लागते, पार्सल येईपर्यंत थांबावं लागतं, आणि पेरणी राहून जाते. टोमॅटो, वांगी, ढोबळी मिरचीचं बियाणं डब्यात सापडत नाही. ते विकायला पाचवा मेल आहे.

चौथा मेल कधी जावा, हे आपण ठरवत नाही, मेथी ठरवते. तिसरा मेल चौथ्या दिवशी वाचून कुणी पाचव्या दिवशी पेरलं, तर नवव्या-दहाव्या दिवशी ट्रेमध्ये काहीतरी दिसतं. म्हणून चौथा मेल दहाव्या दिवशी. विषय: ‘मेथी उगवली का?’ कोंब लांबुडके, फिकट आणि एका बाजूला झुकलेले असतील तर ऊन कमी पडतंय. बुडाशी सडून आडवे पडले असतील तर पाणी साचतंय, म्हणजे मातीतून निचरा होत नाही. निचरा कसा साधायचा ते एका परिच्छेदात, आणि पूर्ण लेखाचा दुवा. मालकीणबाईंची हकिकत इथं येते, तीन ओळींत: त्यांचा पहिला वाफा पावसात कसा कुजला होता. आता ती वाचकाच्या स्वतःच्या ट्रेशेजारी येऊन बसते, म्हणून ती वाचली जाते.

पाचवा मेल चौदाव्या दिवशी, सवलतीचा. बियाण्यांच्या एकाच संचाचा एकच दुवा, हवा तर वर एकदा आणि खाली एकदा. कोड त्या दिवसापासून सात दिवस चालणारा. आधीच खरेदी केलेल्याला हा मेल जाऊ नये म्हणून ‘खरेदी झाली’ अशी खूणचिठ्ठी असलेल्यांना वगळायची अट लावावी. कालच पूर्ण किंमत मोजलेल्या माणसाला आज सवलत दाखवणं हा त्याचा अपमान आहे.

आणखी एक अट मालिकेबाहेर लावावी लागते आणि ती सर्रास विसरली जाते. या दोन आठवड्यांत नेहमीचा साप्ताहिक मेल या लोकांना जाता कामा नये. नाहीतर मेथीचा मेल आणि शिबिराची जाहिरात एकाच सकाळी शेजारी शेजारी पडतात, आणि छाटणीची सगळी मेहनत वाया जाते. पहिल्या मेलबरोबर ‘नवा’ अशी खूण लावावी, पाचव्यानंतर काढावी, आणि साप्ताहिक मेल पाठवताना ती खूण असलेल्यांना वगळावं.

जुन्या मालिकेच्या मध्यावर असलेल्यांचं काय? चालू मालिकेतले मेल जागच्या जागी हलवू नयेत. पाचव्या मेलवर असलेल्या माणसाला क्रम बदलल्यावर काही मेल दुसऱ्यांदा मिळतात, काही कधीच मिळत नाहीत, आणि नेमकं काय होईल हे साधनागणिक बदलतं. जुनी मालिका तशीच ठेवून तिचं प्रवेशद्वार बंद करावं, नवी वेगळी बांधावी आणि ठरलेल्या दिवसापासून नोंदणीची चौकट नव्या मालिकेला जोडावी. दोन आठवड्यांत जुनी आपोआप रिकामी होते. सुरू करण्याआधी स्वतःच्या तीन वेगळ्या पत्त्यांवरून नोंदणी करून तीन वेगळी उत्तरं द्यावीत आणि पुढचे चौदा दिवस काय येतं ते पाहावं.

फरक पडला का, हे बघताना दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं म्हणजे ‘किती जणांनी उघडला’ हा आकडा. अॅपलनं सप्टेंबर 2021 मध्ये आयओएस 15 बरोबर अशी सोय आणली की तिच्या मेल अॅपमध्ये ती चालू केलेल्यांसाठी मेलमधली चित्रं आधीच उतरवून घेतली जातात, माणसानं मेल पाहिला असो वा नसो. तेव्हापासून या आकड्यात न उघडलेले मेलही उघडलेले म्हणून मोजले जातात. प्रत्येक मेलला एकच काम दिल्याचा इथं रोकडा फायदा होतो: ते काम झालं की नाही, तेवढंच मोजायचं. तक्ता किती जणांनी उघडला, प्रश्नाचं उत्तर किती जणांनी दिलं, मातीचा लेख किती जणांनी वाचायला घेतला. मेथी किती जणांनी पेरली हे मात्र साधन सांगत नाही. ते कळावं म्हणून चौथ्या मेलच्या शेवटी ‘उगवली / नाही उगवली’ असे दोन दुवे ठेवण्याचा मोह होतो. पण मग त्या मेलला दोन कामं होतात. उत्तर देणाऱ्या माणसांच्या पत्रांवरून जेवढं कळेल तेवढ्यावर भागवावं.

दुसरं घसरणं जास्त फसवं आहे. समजा, 200 जणांनी सुरुवात केली. पहिल्या मेलमध्ये 120 जणांनी तक्ता उघडला, म्हणजे 60 टक्के. पाचव्यापर्यंत 50 जणांनी नोंदणी रद्द केली आणि उरलेल्या 150 पैकी 30 जणांनी खरेदीच्या दुव्यावर टिचकी मारली. साधन सांगतं 20 टक्के. पण सुरुवात 200 जणांनी केली होती, खरा आकडा 15 टक्के. जी मालिका लोकांना हाकलते, तिच्या शेवटच्या मेलचे आकडे नेहमीच चांगले दिसतात, कारण तोवर नाराज माणसं निघून गेलेली असतात. दोन मालिकांची तुलना करताना भागाकार नेहमी सुरुवात केलेल्यांच्या संख्येनं करावा. आणि महिन्याला चाळीस-पन्नास नवे लोक येत असतील, तर दोन जण जास्त गेले की एक जण कमी, याला अर्थ नाही. दोनेकशे माणसं पार होईपर्यंत काही बदलू नये. बदलाल तेव्हा एकाच मेलला हात लावावा.

हा मेथीचा मेल ऑक्टोबर ते फेब्रुवारी चालतो. उन्हाळ्यात मेथी लवकर खुरटते, पावसाळ्यात उघड्या गच्चीवर सडते. म्हणून मार्चमध्ये तिसऱ्या मेलमध्ये माठ यावा आणि जूनमध्ये बाजारातून आणलेल्या जुडीतल्या पुदिन्याच्या काड्या. पुदिन्याला पाण्यात मुळं फुटायला आठवडा-दहा दिवस लागतात. त्या महिन्यांत चौथा मेल दहाव्या दिवशी गेला तर ‘मुळं फुटली का?’ या प्रश्नाला बहुतेकांचं उत्तर ‘नाही’ येईल. तो पंधराव्या दिवशी न्यावा, आणि सवलतीचा त्याच्याही पुढे चार दिवस.